रिकाम्या पिस्तुलाचा सराव

छर्रा न भरता, एअर पिस्तूल हातात धरून, नेम साधून ट्रिगर दाबण्याच्या सरावाला नेमबाज ‘ड्राय फायर’ म्हणतात. रेंजवरच्या बोलण्यात नुसते ‘ड्राय’ म्हटले तरी पुरते. उभे राहणे, हात उचलणे, श्वास सांभाळणे, नेम धरणे आणि ट्रिगर दाबणे हे सगळे खऱ्या शॉटसारखेच असते. शेवटी धमाक्याऐवजी एक बारीक ‘टक्’ ऐकू येतो. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या दुधाळी मैदानापासून पुण्याच्या बालेवाडीपर्यंत जे तरुण 10 मीटर एअर पिस्तूल शिकतात, त्यांना रेंज आठवड्यातून काही तासच मिळते. छर्ऱ्यांचे डबे आणि लेनचे भाडे यांचा खर्च वेगळाच. त्यामुळे घरातल्या भिंतीसमोरचा हा सराव त्यांच्या शिक्षणाचा मोठा भाग होतो. 2020च्या टाळेबंदीत रेंज बंद असताना अनेक नेमबाजांचा हात याच सरावावर टिकून राहिला.

गोळी सुटत नसेल तर यातून शिकायला काय मिळते, हा प्रश्न नवख्याच्या मनात येतोच. त्याचे उत्तर पिस्तुलाच्या दोन साइट्समध्ये आहे. नळीच्या पुढच्या टोकावर एक चौकोनी दांडी असते, ती पुढची साइट. मागे डोळ्याच्या बाजूला एका पट्टीत चौकोनी खाच असते, ती मागची साइट. पुढची दांडी खाचेच्या बरोबर मध्ये दिसावी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड राहावा आणि वरच्या कडा एका रेषेत याव्यात, म्हणजे साइट जुळली. एअर पिस्तुलात या दोन साइट्समधले अंतर साधारण 33 सेंटिमीटर असते. टार्गेट मात्र 10 मीटरवर, म्हणजे या अंतराच्या तिसाव्या पटीच्या आसपास असते. म्हणून पुढची दांडी खाचेत 1 मिलिमीटर सरकली, की छर्रा टार्गेटवर सुमारे 30 मिलिमीटर बाजूला लागतो.

हा आकडा गुणांत मांडला की त्याचे वजन कळते. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर आहे आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ 8 मिलिमीटर बाहेर आहे. साइट अर्धा मिलिमीटर सरकली तर दहाचा नऊ होतो. एक मिलिमीटर सरकली तर थेट सात. आता दुसरी चूक पाहू. साइट अगदी जुळलेली आहे, पण अख्खा हात थोडा डावीकडे तरंगला आणि पिस्तूल आहे तसे 5 मिलिमीटर बाजूला गेले. अशा वेळी छर्राही फक्त 5 मिलिमीटर बाजूला लागतो आणि दहा गुण मिळतात. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर राहत नाही आणि त्याची गरजही नाही. हात हलतो त्याने गुण फारसे जात नाहीत. ट्रिगर दाबताना मनगट वळते आणि नळीचे तोंड खाली किंवा बाजूला झुकते, गुण तिथे जातात. नवखा नेमबाज मात्र हाताच्या हलण्याचीच धास्ती घेतो. काळा गोल बरोबर जागेवर आला असे वाटताच घाईने ट्रिगर ओढतो आणि त्याच झटक्यात साइट बिघडवतो.

रेंजवर हा झटका दिसत नाही, कारण शॉट सुटताना होणारा आवाज आणि हादरा त्याला झाकून टाकतात. पुढची साइट उडालेली दिसते. पण ती शॉटच्या धक्क्याने उडाली की बोटाच्या, हे सांगता येत नाही. त्यातून नजर लगेच टार्गेटच्या पडद्याकडे, गुण किती पडले ते पाहायला जाते. ड्रायमध्ये हे दोन्ही पडदे दूर होतात. ‘टक्’ झाले त्या क्षणी पुढची दांडी खाचेत हलली, तर ती बोटानेच हलवलेली असते. सरावाचा सारा उपयोग या एका निरीक्षणात आहे. डोळा पुढच्या साइटवर नसेल, तर तासभर टकटक करूनही हाती काही लागत नाही.

स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅम वजनाचा असावा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट थोडे मागे जाते आणि बराचसा भार उचलला जातो, मग ट्रिगर एका जागी अडतो. तिथून पुढे उरलेला थोडा दाब हळूहळू वाढवत नेला की शॉट सुटतो. उरलेला दाब वाढवत असताना हाताचा बाकीचा भाग जसाच्या तसा ठेवणे, यालाच ट्रिगरवरचा ताबा म्हणतात. सांगायला हे सोपे आहे. पण माणसाची बोटे एकट्याने काम करायला सहजी तयार नसतात. तर्जनी आवळली की करंगळी, अनामिका आणि अंगठाही तिच्याबरोबर आवळतात. ही सवय मोडण्यासाठी हजारो संथ आवर्तने लागतात, आणि ती छर्ऱ्यावाचून करता येतात.

प्रत्येक हत्यार मात्र रिकामे चालवण्याजोगे नसते. हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या बहुतेक आधुनिक स्पर्धा-पिस्तुलांत ड्रायसाठी वेगळी सोय असते. एखादी छोटी कळ फिरवली किंवा कॉकिंगचा दांडा ठरावीक पद्धतीने हलवला, की ट्रिगर नेहमीसारखा तुटतो, पण हवा सुटत नाही. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या पिस्तुलांतही अशी सोय असते. ती नेमकी कशी वापरायची हे त्या पिस्तुलाच्या माहितीपुस्तिकेत पाहावे, अंदाजाने करू नये. जत्रेत किंवा दुकानात दिसणाऱ्या, नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या एअरगन रिकाम्या चालवू नयेत. त्यांच्यात छर्ऱ्यामागे दाबली गेलेली हवा पिस्टनला शेवटी उशीसारखा आधार देते. छर्रा नसेल तर तो आधार मिळत नाही, पिस्टन सिलिंडरच्या टोकावर जोरात आदळतो आणि सील व स्प्रिंग खराब होतात. पॉइंट टू-टूच्या रायफली-पिस्तुलांत अडचण वेगळी आहे. त्यांच्या काडतुसाची कड ठेचून ते पेटते. काडतूस नसताना फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर बसते आणि कड चेपत जाते. त्यासाठी खोटी काडतुसे किंवा प्लास्टिकचे प्लग मिळतात. पण पॉइंट टू-टू आणि त्याहून मोठी हत्यारे परवान्याची आहेत आणि त्यांची गोळी फार दूर व खोल जाते. घरातली साधी आडभिंत तिला अडवील असे धरून चालता येत नाही. त्यांचा ड्राय सराव प्रशिक्षकाच्या सांगण्याशिवाय घरी सुरू करू नये. या लेखात पुढे जे सांगितले आहे ते 10 मीटर एअर पिस्तुलापुरते आहे.

एअर पिस्तूलही खेळणे नाही. त्याचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे 150 मीटर वेगाने निघतो. डोळा कायमचा घालवायला तेवढे पुरेसे आहे. छर्रा नसतानाही चुकून हवा सुटली, तर जवळून तो झोत डोळ्याला किंवा कानाला इजा करू शकतो. ड्राय सरावातला धोका तर विशेष कपटी आहे. इथे मुद्दाम, पुन्हा पुन्हा, विचार न करता ट्रिगर दाबण्याची सवय लावली जाते. हत्यार रिकामे आहे या खात्रीवर हा सारा सराव उभा असतो. ती खात्री एकदा जरी खोटी ठरली, तरी शिकवलेले बोट आपले काम चोख करते.

म्हणून पहिली खबरदारी अशी, की ज्या खोलीत सराव व्हायचा त्या खोलीत एकही छर्रा नसावा. डबा कपाटात ठेवला एवढ्यावर समाधान मानू नये. तो दुसऱ्या खोलीत जावा आणि ट्रॅकसूटचे खिसे, पिस्तुलाची पेटी, टेबलाचा खण हेही तपासले जावेत. छर्रे इवलेसे असतात आणि पेटीच्या स्पंजमध्ये हमखास एखादा सापडतो. दुसरी खबरदारी नळी तपासण्याची. पिस्तुलाचे तोंड भिंतीकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, लोडिंगची जागा उघडी, मग आत डोळ्यांनी पाहावे. पण नळीच्या आत सरकून बसलेला छर्रा नुसत्या नजरेला दिसतोच असे नाही. यासाठी रेंजवरची एक सक्तीची वस्तू घरीही वापरावी. नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाच्या नळीतून भडक रंगाची सेफ्टी दोरी आरपार घातलेली असते. ती लोडिंगच्या बाजूने शिरून तोंडातून बाहेर दिसली, म्हणजे नळीत काही नाही याचा पुरावा मिळाला. दोरी काढल्यावर पिस्तूल क्षणभरही खाली ठेवले, फोन आला, दारावरची बेल वाजली, तर परत येऊन हीच तपासणी पहिल्यापासून करावी. आठवणीवर विसंबू नये.

तिसरी खबरदारी भिंतीची. सरावाची भिंत विटांची किंवा काँक्रीटची, शक्यतो इमारतीची बाहेरची असावी. तिच्यात दार किंवा खिडकी नसावी, तिच्यापुढे काच नसावी आणि त्या दिशेने कोणी येण्याजाण्याची शक्यता नसावी. प्लायवूडचे पार्टिशन चालत नाही. आरशातल्या प्रतिबिंबावर, टीव्हीवरच्या माणसावर किंवा खिडकीतून दिसणाऱ्या पाखरावर नेम धरणे पूर्ण वर्ज्य. पिस्तूल रिकामे असले तरीही वर्ज्यच, कारण हत्यार कशावर रोखायचे नाही ही सवयसुद्धा सरावातूनच लागते. घरातल्यांना आधी सांगावे, दार लावून घ्यावे, लहान मुलांना खोलीत येऊ देऊ नये. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पडदेही ओढावेत. समोरच्या इमारतीतल्या माणसाला हातात पिस्तूल रोखलेली आकृती दिसली, तर त्याने पोलिसांना फोन केला यात त्याची काही चूक नाही.

इतके झाल्यावर भिंतीवर काय असावे? सुरुवातीला काहीच नसावे. कोऱ्या भिंतीसमोर डोळ्याला पळून जायला जागा नसते, तो पुढच्या साइटवर थांबतो. निदान पहिले काही आठवडे कोरी भिंतच बरी. पुढे टार्गेट लावायचे तर ते अंतराच्या प्रमाणात लहान करावे लागते. 10 मीटरवरच्या काळ्या गोलाचा व्यास 59.5 मिलिमीटर असतो. खोलीत 3 मीटर जागा असेल, तर त्याच्या तीन दशांश, म्हणजे सुमारे 18 मिलिमीटरचा गोल काढावा. उंचीही तशीच मोजावी. रेंजवर टार्गेटचे केंद्र जमिनीपासून 140 सेंटिमीटरवर असते. नेमबाजाचा डोळा 155 सेंटिमीटरवर असेल, तर 10 मीटरमध्ये नजर 15 सेंटिमीटर उतरते. 3 मीटरमध्ये ती साडेचार सेंटिमीटरच उतरायला हवी. म्हणून घरातला गोल 150.5 सेंटिमीटरवर येतो. तो सवयीने 140 वर चिकटवला, तर खांद्याचा कोन रेंजपेक्षा वेगळा होतो आणि शरीर चुकीची ठेवण शिकते. मोजमाप बरोबर असूनही एक फरक उरतोच. जवळचा गोल रेंजवरच्यापेक्षा ठसठशीत दिसतो आणि नजरेला ओढून घेतो. गोल धूसर आणि पुढची साइट धारदार दिसली पाहिजे. उलटे दिसू लागले, की कागद काढून पुन्हा कोरी भिंत.

एक ड्राय शॉट असा होतो. पाय व खांदे नेहमीच्या ठेवणीत येतात. मुठीची पकड हात उचलण्यापूर्वीच ठरते आणि मग शेवटपर्यंत बदलत नाही. हात टार्गेटच्या वर जातो आणि सावकाश खाली येतो. येता येता बोट ट्रिगरचा पहिला टप्पा घेते. हात स्थिरावतो, श्वास थांबतो, नजर पुढच्या साइटवर येते आणि बोटाचा दाब वाढू लागतो. स्थिरावल्यापासून साधारण 5 ते 8 सेकंदांत ‘टक्’ व्हावे. तेवढ्यात झाले नाही, तर हात खाली आणावा. त्यानंतर डोळ्याला प्राणवायू कमी पडू लागतो, हात थरथरतो आणि मन ‘आता उरकून टाक’ म्हणू लागते. ‘टक्’ झाल्यावर हात आणि बोट दोन सेकंद तसेच राहते, नजरही साइटवरच. मग मनात नोंद होते : त्या क्षणी दांडी कुठे होती? मधोमध, किंचित खाली, डावीकडे? रेंजवर याला शॉट कॉल करणे म्हणतात. कॉल करता आला नाही तर तो शॉट धरूच नये, मग तो कितीही हलका वाटलेला असो. वीस-पंचवीस मिनिटांत असे तीसेक शॉट होतात. त्याहून लांबवले, तर थकलेला हात झटका मारू लागतो आणि नेमका तोच पक्का होत जातो.

दोष कसा ओळखायचा आणि कसा काढायचा, हे एका नेहमीच्या उदाहरणावरून पाहू. उजव्या हाताच्या एका नवख्या नेमबाजाचा हात नऊच्या वर्तुळात राहतो, तरी दर पाचसात शॉटमागे एखादा डावीकडे खाली, सातवर जातो. मागे पाहिल्याप्रमाणे सात म्हणजे दांडी खाचेत सुमारे एक मिलिमीटर सरकली. आधी तो साइटचे स्क्रू फिरवतो आणि गोंधळ वाढवतो, कारण आता बाकीचे चांगले शॉट वर उजवीकडे जाऊ लागतात. घरी कोऱ्या भिंतीसमोर पहिल्या दहा शॉटांत त्याला काहीच वावगे दिसत नाही. पण प्रशिक्षकाने ‘दांडी कुठे होती?’ असे विचारताच त्याला सांगता येत नाही. ‘टक्’ होताना त्याची पापणी मिटत असते. ही पहिली खूण.

मग तो मोबाइल स्टँडवर लावून बाजूने स्लो मोशनमध्ये चित्रण करतो. मोबाइल पिस्तुलाच्या बाजूला ठेवायचा, नळीपुढे कधीच नाही, आणि चित्रण घेणाराही तिकडे उभा राहता कामा नये. चित्रणात दिसते, की ट्रिगर तुटण्याच्या जरासे आधी अंगठा आणि शेवटची दोन बोटे आवळतात आणि नळीचे तोंड खाली झुकते. दोष पकडीत आहे. बोट तिला फक्त जागे करते. उपायाचा पहिला भाग कोपर आणि मूठ टेबलावर टेकवून करायचा. नेम धरायचा नाही. पकड एकाच दाबाची ठेवून फक्त तर्जनीचे पुढचे पेर सरळ मागे आणायचे. दुसरे पेर ग्रिपच्या लाकडाला टेकत असेल तर ट्रिगरची पट्टी थोडी पुढे सरकवायची, कारण टेकलेले बोट पिस्तुलाला बाजूला ढकलते. चार-पाच दिवसांनी उभे राहून कोरी भिंत. प्रत्येक चौथ्या वेळी ट्रिगर मुद्दाम न तोडता हात खाली आणायचा, म्हणजे ‘आता तुटणार’ ही वाट पाहण्याची सवय सैल होते. पापणी उघडी राहू लागली आणि सलग वीस शॉट कॉल करता आले, की रेंजवर जाऊन परीक्षा घ्यायची. साइटचे स्क्रू पहिल्या जागी आणायचे आणि वीस छर्रे मारायचे. सातवर जाणारे शॉट नाहीसे झाले, तर निदान बरोबर होते. एकटा जाणारा शॉट थांबला, पण सगळा गट एकाच बाजूला सरकला, तर आता साइट फिरवण्याची वेळ आली.

दिशेवरून दोष सांगणारे तक्ते पुष्कळ मिळतात. डावीकडे खाली म्हणजे अमुक, उजवीकडे म्हणजे तमुक. ते इशारा म्हणून ठीक, निकाल म्हणून नव्हेत. पकड, ग्रिपचा आकार आणि मनगट हे सगळेच त्यात मिसळलेले असते. साइटवर प्रत्यक्ष काय दिसले, यापेक्षा भरवशाचे दुसरे साधन घरात नाही. ज्यांना परवडते ते नळीवर बसवायचे स्कॅटसारखे इलेक्ट्रॉनिक यंत्र वापरतात. ते नेमाचा मार्ग पडद्यावर रेषेने काढून दाखवते आणि ट्रिगरच्या शेवटच्या क्षणी ती रेष कुठे पळाली तेही दाखवते. मोठ्या प्रशिक्षण केंद्रांत ते सर्रास दिसते. पण डोळा आधी शिकलेला नसेल, तर यंत्राची रेष पाहणे म्हणजे पुन्हा गुणच पाहणे होते.

ड्राय सर्व काही शिकवत नाही, हेही लक्षात ठेवावे. शॉटचा हादरा इथे नसतो, त्यामुळे तो पेलण्याची आणि त्यानंतर साइट परत जागेवर येण्याची सवय लागत नाही. 25 मीटर पिस्तुलाच्या वेगवान फेऱ्यांत ही उणीव जास्त जाणवते. स्पर्धेचे दडपण, घड्याळ, शेजारच्या लेनमधला आवाज यांचीही तयारी होत नाही. सर्वांत मोठी उणीव म्हणजे चूक लपवणे सोपे असते. कागदावर भोक पडत नाही, त्यामुळे ‘बरा झाला’ असे म्हणून पुढे जाता येते. म्हणून दर आठवड्याला काही छर्रे मारून कॉल आणि भोक जुळतात का ते पडताळायला हवे. काही प्रशिक्षक रेंजवर भरलेले आणि रिकामे शॉट मिसळून देतात. नेमबाजाला कोणता कुठला ते ठाऊक नसते, आणि रिकाम्या शॉटवर त्याचा झटका उघडा पडतो. उपाय उत्तम आहे. पण तो रेंजवर आणि प्रशिक्षकासमोरच. घरी भरलेले आणि रिकामे एकत्र कधीही आणू नये.

सराव संपवणे ही वेगळी पायरी आहे, आणि अपघाताची शक्यता तिथेच सर्वांत जास्त असते. पिस्तूल पेटीत गेले, छर्रे परत जागेवर आले, आणि मग मनात येते, शेवटचा शॉट नीट झाला नाही, एक आणखी घेऊ. या ‘एक आणखी’च्या वेळी खोलीत छर्रे असतात आणि तपासणी झालेली नसते. म्हणून सराव संपला हे मोठ्याने उच्चारावे, नळीत सेफ्टी दोरी घालावी, पेटीला कुलूप लावावे आणि त्यानंतरच छर्ऱ्यांचा डबा जागेवर आणावा, तोही वेगळ्या कपाटात. पुन्हा शॉट घ्यावासा वाटला तर सगळी तपासणी पहिल्यापासून करावी, नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे. ज्या घरात मागे पक्की भिंत नाही, छर्रे दुसऱ्या खोलीत ठेवण्याची सोय नाही किंवा लहान मुलांपासून पेटी कुलपात ठेवता येत नाही, तिथे हा सराव करू नये. त्यांनी प्रशिक्षकाला विचारून रेंजवरच, आपली पाळी येईपर्यंतच्या वेळात ड्राय करावा. बहुतेक ठिकाणी त्यासाठी नियमाप्रमाणे लेनवर परवानगी मागता येते.